रामानंद तीर्थांआधीचे खेडगीकर

मराठवाड्यात नुसते ‘स्वामीजी’ म्हटले तरी कोणाविषयी बोलणे चालले आहे हे जुन्या पिढीला सांगावे लागत नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ. १७ सप्टेंबरला झेंडावंदनानंतर जी भाषणे होतात, त्यांत स्वामीजी नेहमी एकाच जागी प्रवेश करतात: १९३८, हैदराबाद स्टेट काँग्रेस, सत्याग्रह, तुरुंग. मग १५ ऑगस्ट १९४७ ला निजामाच्या राज्यात तिरंगा फडकवून झालेली अटक, आणि पोलीस कारवाईनंतरची सुटका. अंगावर भगवे वस्त्र, चेहऱ्यावर निर्धार, आणि वय पस्तिशीचे. त्याआधीची पस्तीस वर्षे एका वाक्यात आटोपतात: ‘पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर.’

या एका वाक्याबद्दल मला तक्रार आहे. ते खोटे नाही, पण ते नाव सांगते आणि तिथेच थांबते. खेडगीकर नावाच्या माणसाने काय केले, कुठे केले, कोणाबरोबर केले, हे त्या वाक्यात येत नाही. ऐकणाऱ्याला वाटते की ते नाव म्हणजे काढून ठेवलेले जुने कपडे. माझे म्हणणे असे आहे की सार्वजनिक जीवनात उतरलेल्या माणसाने संन्यास घेतला, तर त्याचे जुने नाव आणि नवे नाव तारखांसकट जोडलेले राहिले पाहिजे. ही जोडणी त्याचे चरित्र लिहिणाऱ्यांनी, दप्तरे सांभाळणाऱ्यांनी आणि पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्यांनी करायची आहे. ती झाली नाही की नावाबरोबर राजकारणही कापले जाते. स्वामीजींच्या बाबतीत नेमके तेच झाले आहे.

आधी माणूस पाहू. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा. विजापूर तेव्हा मुंबई इलाख्यात, म्हणजे ब्रिटिश हद्दीत होते. शिक्षण सोलापूर, अमळनेर असे फिरत फिरत पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठात एम. ए. पर्यंत गेले. असहकाराच्या काळात सरकारी शाळा-कॉलेजे सोडलेल्या मुलांसाठी ज्या राष्ट्रीय संस्था उभ्या राहिल्या, त्यांतले हे विद्यापीठ. पुढे हा तरुण ना. म. जोशी यांच्याकडे कामगार चळवळीत गेला आणि त्यांचा सचिव म्हणून काम करू लागला. जोशी म्हणजे भारतातील संघटित कामगार चळवळीचे एक मूळ पुरुष, ट्रेड युनियन काँग्रेसचे सरचिटणीस, कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडणारे प्रतिनिधी. नंतर प्रकृती बिघडली. मुंबई-दिल्लीकडचे ते आयुष्य सुटले आणि खेडगीकर निजाम राज्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले. हिप्परगा आज धाराशिव जिल्ह्यात आहे. तिथे ते मुख्याध्यापक झाले. १९३२ च्या जानेवारीत त्यांनी संन्यास घेतला. दीक्षा नारायणस्वामींची, आणि नारायणस्वामी हे पंजाबातील प्रसिद्ध वेदान्ती स्वामी रामतीर्थ यांच्या शिष्यपरंपरेतले. तेव्हापासून ते स्वामी रामानंद तीर्थ. पुढे काही वर्षे त्यांनी शिक्षणाचेच काम चालू ठेवले, अंबाजोगाईला योगेश्वरीच्या शाळेत. राजकारण त्यानंतरचे.

हा क्रम लक्षात घेतला की एक गोष्ट स्पष्ट दिसते. १९३८ मध्ये जो संन्यासी पुढे आला तो मठातून आलेला नव्हता. तो कामगार संघटनेच्या कचेरीतून आणि राष्ट्रीय शाळेच्या वर्गातून आला होता. निवेदन कसे लिहायचे, सभासद कसे नोंदवायचे, वाटाघाटीत कुठे थांबायचे, मतभेद असलेल्या लोकांना एका ठरावावर कसे आणायचे, हे शिकण्याची जागा त्याला विशीतच मिळाली होती. स्टेट काँग्रेसमध्ये पुढे दोन प्रवाह झाले. एकीकडे बुर्गुल रामकृष्ण राव यांच्यासारखे नेमस्त, दुसरीकडे स्वामीजींभोवती जमलेले जहाल आणि डावीकडे झुकलेले तरुण. कुळांचा प्रश्न, जहागीरदारीचा प्रश्न, संस्थानात जबाबदार राज्यपद्धती किती आणि केव्हा हा प्रश्न, या सगळ्यांवर त्यांची भूमिका कडक होती. भगवी वस्त्रे घातलेला माणूस जमीनदारीविरुद्ध एवढा ठाम का, असा प्रश्न आजच्या विद्यार्थ्याला पडतो, कारण त्याच्या पुस्तकात ना. म. जोशी आणि स्वामी रामानंद तीर्थ हे दोन वेगळ्या धड्यांतले लोक आहेत. मधला खेडगीकर पुसला गेला की भूमिका आकाशातून पडल्यासारखी वाटते. मग आपण तिला ‘तेज’ म्हणतो, ‘त्याग’ म्हणतो, आणि तिची कारणे शोधणे सोडून देतो.

यावर पहिला आक्षेप परंपरेचा आहे आणि तो मी हलका मानत नाही. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपण लहानपणापासून ऐकतो. संन्यासविधीत माणूस जिवंतपणी स्वतःचे श्राद्ध करतो, विरजा होम करतो, शेंडी आणि जानवे टाकतो. त्याचा जुना संसार त्याच्यासाठी संपतो. नवे नाव गुरू देतो. दशनामी परंपरेत त्या नावाला दहा उपाधींपैकी एक जोडली जाते: तीर्थ, आश्रम, वन, अरण्य, गिरी, पर्वत, सागर, सरस्वती, भारती, पुरी. हिंदू कायद्यानेही या मृत्यूची दखल घेतलेली आहे. पूर्ण संन्यास घेतलेल्याला व्यवहारापुरता मृत मानून त्याची मालमत्ता वारसांकडे जावी, हे तत्त्व जुने आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराने संसार त्यागून धार्मिक पंथात प्रवेश करणे हे आजही घटस्फोटाचे एक कारण आहे. मग जो माणूस स्वतःच्या इच्छेने मेला, त्याला आपण पुन्हा का उठवावे?

माझे उत्तर असे. ती म्हण संन्याशाचे रक्षण करते, आणि योग्य तेच करते. ज्याने जात, गोत्र, घराणे टाकले त्याला त्याच मापाने मोजू नका, असे ती सांगते. पण ना. म. जोशींकडे काम करणे हे कूळ नव्हते, ते केलेले काम होते. त्या कामाचे साक्षीदार होते, त्याचे परिणाम इतरांवर झाले, त्याची नोंद इतरांच्या कागदांत आहे. स्वतःची मालमत्ता माणूस सोडू शकतो, पण इतरांच्या इतिहासातला आपला भाग एकट्याच्या संकल्पाने पुसू शकत नाही. आणि स्वामीजी तर संन्यास घेऊन हिमालयात गेले नाहीत. ते पक्षाचे अध्यक्ष झाले, तुरुंगात गेले, पहिल्या लोकसभेवर गुलबर्ग्यातून आणि दुसऱ्या लोकसभेवर औरंगाबादेतून निवडून गेले. ज्याने लोकांची मते मागितली, त्याची घडण कशी झाली हे समजून घेण्याचा हक्क लोकांना असतो.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो आणि तो मला जास्त धोकादायक वाटतो. काही जण जुने नाव जोडण्यासाठी शोधत नाहीत, ते हाणण्यासाठी शोधतात. संन्याशी नेत्याचा उल्लेख मुद्दाम जन्मनावाने करायचा, म्हणजे आडनावावरून जात कळते, आणि संन्यास हा वेश होता असे सुचवता येते. उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांच्या बाबतीत हे रोज घडते. त्यांच्या बाजूचे लोक अजय सिंह बिष्ट हे नाव उच्चारणेच अपमान मानतात, विरोधक दुसरे नाव घ्यायचेच नाही असे ठरवून बसतात. २०२२ मध्ये तर त्यांनी खऱ्या नावाने शपथ घ्यावी अशी जनहित याचिका अलाहाबाद उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने ती फेटाळली आणि याचिकाकर्त्याला एक लाख रुपयांचा दंड केला. निकालाचा रोख मला पटतो. दीक्षेनंतर अनेक वर्षे ज्या नावाने माणूस मठात, निवडणुकीत आणि संसदेत ओळखला गेला, ते त्याचे खरेच नाव आहे. पण त्याआधीचे नावही खरे होते. कोणते खरे, हा वादच चुकीच्या जागी उभा आहे. कोणत्या तारखेपासून कोणते, एवढाच प्रश्न विचारण्यासारखा आहे.

म्हणून माझा नियम साधा आहे. ज्या काळाबद्दल लिहितो, त्या काळातले नाव वापरावे, आणि पहिल्या उल्लेखात दुसरे नाव जोडून द्यावे. कामगार चळवळीबद्दल लिहिताना ‘ना. म. जोशींचे सचिव व्यंकटेश खेडगीकर, पुढचे स्वामी रामानंद तीर्थ’. १९३८ च्या सत्याग्रहाबद्दल लिहिताना ‘स्वामी रामानंद तीर्थ, पूर्वीचे व्यंकटेश खेडगीकर’. ‘रामानंद तीर्थांनी ना. म. जोशींकडे काम केले’ हे वाक्य वाचायला सोपे आहे, पण त्या भरवशावर जोशींच्या काळातले कागद चाळणारा विद्यार्थी रामानंद तीर्थ हे नाव शोधत राहील. ते नाव त्या कागदांत नाही, कारण ते तेव्हा अस्तित्वातच नव्हते.

हे प्रत्यक्ष किती अवघड जाते ते पाहण्यासारखे आहे, कारण अडचण केवळ दोन नावांची नाही. समजा कोणाला हिप्परग्याच्या काळातील खेडगीकर आणि १९३८ चे रामानंद तीर्थ यांच्या मधला धागा कागदांतून जुळवायचा आहे. निजाम सरकारचे दप्तर मुख्यतः उर्दूत. त्यातला मोठा भाग हैदराबादेत, तेलंगण राज्य अभिलेखागारात आहे. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे कानडी-मराठी आडनाव त्या लिपीतून परत वाचताना वाचणारा आपल्या अंदाजाने स्वर भरतो. ‘खेडगीकर’चे दोन-तीन उच्चार सहज होतात. जन्मनावाचेही तसेच: कुठे व्यंकटेश, कुठे व्यंकटराव. वडिलांचे नाव कुठे भगवानराव, कुठे भवानराव असे छापलेले आढळते. अशा वेळी एक रूप बरोबर आणि दुसरे चूक असे टेबलाशी बसून ठरवू नये. दोन्ही रूपे नोंदवावीत आणि कोणते कुठे मिळाले ते शेजारी लिहावे. शोधणाऱ्याला दोन्हींची गरज पडते.

मग तारखा. निजाम राज्यात सरकारी व्यवहार फसली सनावर, म्हणजे शेतसाऱ्यासाठी सुरू झालेल्या कालगणनेवर, चालत. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजूर महिन्यापासून सुरू होई. त्यामुळे फसली सनात ५९० मिळवले की ऑक्टोबर ते डिसेंबरचे इसवी वर्ष मिळते, आणि जानेवारीपासून पुढच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवावे लागतात. हा एका वर्षाचा फरक क्षुल्लक वाटतो, पण इथे तोच निर्णायक ठरतो. फसली १३४१ हे वर्ष ऑक्टोबर १९३१ ते ऑक्टोबर १९३२ असे चालले. संन्यास झाला जानेवारी १९३२ मध्ये, म्हणजे याच वर्षाच्या पोटात. एखाद्या कागदावर फक्त ‘१३४१’ एवढेच असेल आणि महिना फाटला असेल, तर त्यात खेडगीकर हे नाव असणेही शक्य आहे आणि रामानंद तीर्थ हेही. ज्याने आंधळेपणाने ५९० मिळवून १९३१ काढले, तो रामानंद तीर्थ नाव असलेला कागद ‘संन्यासाच्या आधीचा’ म्हणून दाखवील, आणि मग दीक्षेची तारीखच चुकीची आहे असा शोधनिबंध लिहून मोकळा होईल. अशा शोधांपासून वाचायचे तर महिना पाहावा. महिना नसेल तर त्या कागदावर कोणतीही इमारत उभारू नये.

गावांची नावेही जागेवर राहिली नाहीत. अंबाजोगाई निजामाच्या कागदांत मोमिनाबाद आहे. शाळेतले स्वामीजी शोधायचे तर अंबाजोगाईबरोबर मोमिनाबादही पाहावे लागते. हिप्परगा ज्या जिल्ह्यात आहे त्याचे नाव उस्मानाबाद होते, आता धाराशिव. ज्या गुलबर्ग्यातून ते लोकसभेत गेले ते आज कलबुर्गी, आणि ज्या औरंगाबादेतून गेले ते छत्रपती संभाजीनगर. माणसाचे एक नाव बदलले आणि त्याभोवतीचा नकाशाही बदलला. म्हणून नावावर भिस्त ठेवून शोधणारा रिकाम्या हाताने परततो.

मग ओळख पटते कशी? दोन नावे एकाच माणसाची आहेत हे सिद्ध करायला एक पुलासारखा कागद हवा, ज्यावर दोन्ही नावे आहेत. असे कागद संन्यासानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मिळण्याची शक्यता जास्त असते, कारण तेव्हा लोकांना दोन्ही नावे ठाऊक असतात आणि लिहिणारा ‘ऊर्फ’ घालतो. फौजदारी कागदांत तर हा शब्द हमखास येतो, कारण पोलिसांना जुने नाव हवेच असते. संन्याशाचा पूर्वाश्रम जपून ठेवणारे सगळ्यांत चोख दप्तर बहुतेक वेळा पोलिसांचे असते, भक्तांचे नव्हे. तसा कागद नसेल, तर तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात: जागा, काळ आणि सोबतचे लोक. खेडगीकरांच्या बाबतीत हिप्परग्याची शाळा ही जागा, १९३२ ची आगेमागे हा काळ, आणि तिथले सहकारी हे लोक. शाळेच्या एका नोंदीत मुख्याध्यापक खेडगीकर, पुढच्या नोंदीत त्याच खुर्चीवर स्वामी रामानंद तीर्थ आणि आजूबाजूचे शिक्षक तेच, असे दिसले तर ‘ऊर्फ’ नसला तरी पूल बांधता येतो. यातली एकच गोष्ट जुळत असेल तर ओळख पटली असे म्हणू नये.

एका रकान्याची विशेष काळजी घ्यावी लागते. जुन्या कागदांत माणसाच्या नावापुढे ‘वल्द’ लिहून बापाचे नाव येते. संन्याशाच्या बाबतीत त्या जागी गुरूचे नाव येऊ शकते, आणि मठ-महंतांच्या कागदांत तर ‘चेला’ असेच लिहितात. पाहणाऱ्याला ही प्रथा ठाऊक नसेल तर तो गुरूला जन्मदाता समजतो, आणि ‘बापाचे नाव वेगळे, म्हणजे माणूस वेगळा’ असा निष्कर्ष काढतो. ही गोष्ट केवळ जुन्या काळची नाही. २०१६ च्या डिसेंबरात परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्टचे नियम सैल केले, तेव्हा साधू-संन्याशांना आईवडिलांच्या जागी आध्यात्मिक गुरूचे नाव देण्याची मुभा मिळाली. अट एवढीच की मतदार ओळखपत्र, पॅन किंवा आधार यांसारख्या निदान एका सरकारी कागदावर तेच गुरूचे नाव असावे. संन्याशाच्या दृष्टीने हा नियम न्याय्य आहे. पण पन्नास वर्षांनी हे कागद उघडणाऱ्याला तो नियम माहीत असावा लागेल, नाहीतर आजच्या कितीतरी साधूंची वंशावळ उद्याचे संशोधक चुकीची लिहितील.

उलट्या चुकीचीही एक जागा आहे, नामसाधर्म्याची. रामानंद तीर्थ आणि रामतीर्थ ही नावे घाईत एकमेकांत मिसळतात. स्वामी रामतीर्थ पंजाबातले, १९०६ मध्येच गेले, त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव तीर्थराम. म्हणजे तिथे ‘तीर्थ’ जन्मनावातच होते आणि संन्यासात ते मागे गेले. रामानंद तीर्थांच्या नावातले ‘तीर्थ’ दशनामी उपाधी आहे. उपाधी हे आडनाव नव्हे, तरी सूची करणारे तिला आडनाव करतात. त्यामुळे इंग्रजी वर्णानुक्रमाच्या यादीत स्वामीजी कधी ‘स्वामी’ शब्दाच्या अक्षरापाशी, कधी ‘रामानंद’पाशी, कधी ‘तीर्थ’पाशी सापडतात. १९६७ मध्ये इंग्रजीत आलेल्या त्यांच्या मुक्तिसंग्रामाच्या आठवणींवर संन्यासनावच आहे, आणि त्याची रोमन अक्षरे कुठे एका पद्धतीने तर कुठे दुसऱ्या पद्धतीने लावलेली दिसतात. ग्रंथपालांनी यावर फार पूर्वी उपाय काढलेला आहे. संन्यासनाव हीच मुख्य नोंद, तीत पहिला शब्द ‘रामानंद’, आणि बाकी प्रत्येक रूपासाठी ‘पाहा’ असे बोट दाखवणारी एकेक नोंद. ‘खेडगीकर, व्यंकटेश भगवानराव: पाहा रामानंद तीर्थ, स्वामी.’ ही ओळ लिहायला अर्धा मिनिट लागतो. ती नसेल तर शोधणाऱ्याचे दिवस जातात.

या सगळ्याला एक मर्यादाही आहे. नावांची साखळी जोडली म्हणजे माणूस समजला असे नाही. राहुल सांकृत्यायन यांचे उदाहरण घ्या. आझमगडकडचे केदारनाथ पांडे. मग वैष्णव मठातले साधू रामोदर दास, आणि याच नावाने बिहारमध्ये काँग्रेसचे काम आणि तुरुंगवास. मग १९३० मध्ये श्रीलंकेत बौद्ध भिक्षू होऊन राहुल. पुढे त्यांनी चीवर सोडले, शेतकऱ्यांच्या सत्याग्रहात उतरले, संसारही केला, पण राहुल हे नाव ठेवले, आणि त्याला जोडलेले सांकृत्यायन आले त्यांच्या मूळ गोत्रावरून. म्हणजे शेवटच्या नावात पहिले घराणे परत आले. या माणसाचा असहकाराच्या काळातला कागद राहुल नावाने शोधला तर काहीच मिळणार नाही, आणि केदारनाथ नावानेही नाही. मधले नाव लागते. इथे एका तारखेने काम भागत नाही, प्रत्येक नावाला सुरुवात आणि शेवट द्यावा लागतो. त्याने नाव का बदलले आणि आतून काय बदलले, हे मात्र साखळी सांगत नाही. तिथे चरित्रकारालाच उतरावे लागते. साखळी फक्त त्याला योग्य दारापाशी आणून सोडते.

स्वामीजींबाबत तो दरवाजाही आपण नीट दाखवलेला नाही. उलट नाव आणखी आखडत चालले आहे. नांदेडच्या विद्यापीठाला १९९४ मध्ये त्यांचे नाव दिले गेले, तीही तारीख १७ सप्टेंबरचीच. आज बातम्यांत आणि विद्यार्थ्यांच्या तोंडी ते ‘स्वारातीम’ आहे. अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय ‘स्वाराती’ आहे. बोलण्याच्या सोयीला माझा विरोध नाही, लांब नावांचे असे होतेच. पण ‘स्वाराती’मध्ये शिकणाऱ्या मुलाला रामानंद तीर्थ माहीत असतील याची खात्री देता येत नाही, आणि खेडगीकर माहीत नसतील याची खात्री जवळजवळ देता येते. एकदा नाव बदलले संन्यासाने, दुसऱ्यांदा ते आक्रसले आद्याक्षरांनी. दोन्ही वेळा मागे पडली ती कामगार चळवळीतली आणि राष्ट्रीय शाळेतली वर्षे.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे आणि ती कोणाच्याही आवाक्यातली आहे. नांदेड विद्यापीठाने स्वामीजींच्या नावाची एक अधिकृत नोंद तयार करावी आणि सर्वांसाठी खुली ठेवावी. तिच्यात प्रत्येक नाव, त्याची देवनागरी, उर्दू आणि रोमन रूपे, ते केव्हापासून केव्हापर्यंत वापरात होते, कोणत्या कागदावरून हे ठरले, आणि जिथे कागद परस्परविरोधी आहेत तिथे दोन्ही बाजू, एवढे असावे. सन फसली असेल तर फसलीच लिहावा आणि शेजारी इसवी, महिन्यासकट. गावाचे तेव्हाचे आणि आजचे, दोन्ही नाव द्यावे. जात आणि गोत्र त्यात नको, त्यांनी ते टाकले होते आणि ओळख पटवायला त्याची गरज नाही. पाठ्यपुस्तकात ‘पूर्वाश्रमीचे नाव’ या ओळीपुढे आणखी दोन वाक्ये जोडावीत: या नावाने ते ना. म. जोशींबरोबर कामगारांमध्ये काम करीत होते, आणि याच नावाने हिप्परग्याला शिकवीत होते. मुक्तिसंग्रामात स्वामीजींबरोबर असलेली पिढी आता जवळजवळ संपली आहे. ज्यांनी त्यांना दोन्ही नावांनी हाक मारलेली ऐकली, ती पिढी तर त्याही आधीची. घरोघरी ट्रंकांत पडलेली पत्रे, शाळांच्या जुन्या नोंदवह्या, सभांची हस्तपत्रके यांत अजून ‘खेडगीकर’ असू शकतो, आणि घरच्यांना तो कोण हे माहीत नसल्यामुळे तो रद्दीत जाऊ शकतो. विद्यापीठाने नोंद प्रसिद्ध करताना मराठवाड्यातल्या लोकांना एवढेच सांगावे की घरात या नावाचा कागद निघाला तर तो टाकू नका, आमच्याकडे आणा.